अंतरिम देयक प्रमाणपत्रात रक्कम कमी का आली? बाबनिहाय कारणं लिहिताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातल्या रस्त्यांच्या आणि पाणीपुरवठ्याच्या मोठ्या कामांवर फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नमुन्याचे करार असतात तेव्हा दर महिन्याला कंत्राटदार देयकाचा अर्ज देतो आणि अभियंता अंतरिम देयक प्रमाणपत्र काढतो. साइटवर त्याला सगळे आयपीसी म्हणतात. अर्जातली रक्कम आणि प्रमाणित रक्कम यांत फरक पडला की फोनाफोनी सुरू होते. खालची उत्तरं हा फरक एकेका बाबीला कारण देऊन कसा लिहायचा, एवढ्यापुरतीच आहेत. कलमांचे क्रमांक फिडिकच्या 1999 च्या रेड बुकमधले आहेत. तुमच्या करारातल्या विशेष अटींनी त्यात बदल केलेला असू शकतो, म्हणून क्रमांक लिहिण्याआधी स्वतःची प्रत उघडा.

फरकाची कारणं लिहिणं बंधनकारक आहे का?

हो. 1999 च्या आवृत्तीत कलम 14.6 अभियंत्याला सांगतं, की अर्ज आणि त्याची कागदपत्रं मिळाल्यापासून 28 दिवसांत प्रमाणपत्र काढा, त्यात तुम्ही न्याय्यपणे ठरवलेली देय रक्कम लिहा आणि आधाराचा तपशील जोडा. 2017 च्या आवृत्तीत हे आणखी स्पष्ट केलं आहे. अर्जातली रक्कम आणि प्रमाणित रक्कम यांतला फरक दाखवायचा आणि त्याची कारणं द्यायची, असं तिथे सरळ लिहिलेलं आहे.

‘मोजणीनुसार कमी’ किंवा ‘तपासणीअंती’ एवढ्या शब्दांनी हे काम होत नाही. ते वाचून पैसे कायमचे गेले की पुढच्या महिन्यात मिळणार, आणि मिळणार असतील तर आपण काय करायचं, हे कंत्राटदाराच्या बिलिंग इंजिनिअरला कळत नाही. मग तो पुढच्या अर्जात तीच रक्कम पुन्हा टाकतो आणि तोच फरक पुन्हा निघतो.

एका बाबीच्या कारणात नेमकं काय असावं?

कंत्राटदाराने मागितलेलं परिमाण आणि रक्कम, प्रमाणित केलेलं परिमाण आणि रक्कम, कोणत्या कागदावरून ते ठरवलं (तारीख आणि पान क्रमांकासह), कोणतं कलम लागू होतं, आणि ती रक्कम आज कोणत्या अवस्थेत आहे. यातली अवस्था बहुतेक ठिकाणी सुटते. अवस्था तीनच असतात: नामंजूर, रोखलेली, किंवा तात्पुरत्या दराने दिलेली. हा शब्द नसेल, तर बाकी तपशील कितीही नीट असला तरी वाद मिटत नाही.

एखादं पूर्ण उदाहरण द्याल का?

समजा, लातूर जिल्ह्यातल्या एका रस्त्याचं काम आहे, काळ्या मातीच्या पट्ट्यातलं. हे आकडे समजावून सांगण्यासाठी घेतलेले आहेत. कंत्राटदाराने या महिन्याच्या अर्जात पाच बाबी टाकल्या:

| बाब | मागणी (₹) | प्रमाणित (₹) | फरक (₹) |
|---|---|---|---|
| मुरूम भराव | 38,44,000 | 34,56,500 | 3,87,500 |
| जीएसबी थर | 52,20,000 | 51,12,000 | 1,08,000 |
| साइटवरचे मोरीचे पाइप | 8,40,000 | 6,04,800 | 2,35,200 |
| ब्रेकरने खडक फोडणे (जादा बाब) | 5,76,000 | 3,96,800 | 1,79,200 |
| पावसाने यंत्रं उभी राहिल्याचा दावा | 4,00,000 | 0 | 4,00,000 |
| एकूण | 1,08,80,000 | 95,70,100 | 13,09,900 |

एकट्या 13,09,900 या आकड्यावरून काहीच समजत नाही, कारण प्रत्येक ओळीमागचं कारण वेगळ्या प्रकारचं आहे. पुढचे प्रश्न याच पाच ओळींचे आहेत.

मुरमाच्या भरावात साडेबाराशे घनमीटर कुठे गेले?

कंत्राटदाराने 12,400 घनमीटर मागितले, 310 रुपये दराने. हा आकडा हायवा टिपरांच्या नोंदवहीतून आला होता: 15,500 घनमीटर सैल मुरूम आला, दबल्यावर त्याचा 0.8 पट होईल असं धरून 12,400. कराराच्या तांत्रिक विनिर्देशात मात्र भराव आडव्या छेदांवरून मोजायचा असं आहे, म्हणजे काम सुरू होण्याआधीचे आणि नंतरचे लेव्हल घेऊन, सरासरी छेद-क्षेत्रफळाच्या पद्धतीने. दर 20 मीटरवर घेतलेल्या छेदांवरून आकारमान 11,570 घनमीटर निघालं. 12,400 मधून हे वजा केलं की 830 उरतात. म्हणजे मुरूम प्रत्यक्षात 0.8 नव्हे, साधारण 0.75 पट दबला होता. 0.8 हा आकडा करारात कुठेच नाही, तो फक्त कंत्राटदाराचा अंदाज होता.

उरलेले 420 घनमीटर बाजूच्या जादा रुंदीचे. कडा नीट दबाव्यात म्हणून भराव ठरलेल्या रेषेबाहेर थोडा टाकतात आणि नंतर छाटतात. हे छेद घेतले तेव्हा ती छाटणी बाकी होती. आराखड्यातल्या रेषेबाहेरचा मुरूम मोजला जात नाही, म्हणून प्रमाणित परिमाण 11,150.

कारणात 830 आणि 420 हे दोन आकडे वेगवेगळे लिहायला हवेत. दोन्हींची अवस्था ‘नामंजूर’ असली तरी पुढची कृती वेगळी आहे. पहिल्यासाठी नोंदवहीऐवजी छेद वापरायला सुरुवात करायची, दुसऱ्यासाठी छाटणीनंतर छेद घ्यायचे. नुसतं ‘1,250 कमी’ लिहिलं, तर कंत्राटदार गाड्यांच्या पावत्यांचा गठ्ठा घेऊन येणार, आणि त्या पावत्यांनी काहीच सिद्ध होणार नाही.

‘काळ्या मातीत मुरूम रुतला, तो कोण मोजणार?’ असं कंत्राटदार म्हणतो.

प्रश्न खरा आहे. ओल्या काळ्या मातीवर पहिला थर टाकला की काही मुरूम खाली जातो. तो मोजता येतो, पण सुरुवातीची लेव्हल कधी घेतली यावर सगळं अवलंबून आहे. वरची सैल माती काढल्यावर, मुरूम टाकायच्या आधी अभियंता आणि कंत्राटदार दोघांनी मिळून लेव्हल घेतली असेल, तर खणलेल्या जागेतला मुरूम आपोआप छेदात येतो. लेव्हल माती काढण्याआधीची असेल, तर तेवढी उंची छेदातून निसटते.

म्हणून सुरुवातीची लेव्हल कुठल्या पृष्ठभागाची धरली, हे कारणात लिहा. रुतलेल्या भागाचा पुरावा कंत्राटदाराकडे असेल, उदाहरणार्थ दोघांच्या सह्यांची खड्ड्याची नोंद, तर तो पुढच्या अर्जासोबत द्यावा, असं एक वाक्य जोडा. पुरावा नसताना अंदाजाने काही टक्के देऊन टाकण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. त्याने त्या महिन्याची कटकट टळते, पण लेखापरीक्षणात तो आकडा कुणालाच समजावता येत नाही.

जीएसबीचा थर चाचणीत नापास झाला, तरी जवळजवळ सगळे पैसे का दिले?

याच बाबीत अभियंत्यांची सर्वाधिक चूक होते. जीएसबी म्हणजे रस्त्याच्या पायाखालचा दाणेदार थर. तो 3,600 घनमीटर टाकला, दर 1,450. त्यातल्या 6/400 ते 6/700 या चेनेजच्या, म्हणजे किलोमीटर-मीटरच्या खुणांमधल्या, 300 मीटरच्या पट्ट्यात घनता 95.6 टक्के आली, आणि विनिर्देशात प्रयोगशाळेतल्या कमाल कोरड्या घनतेच्या किमान 98 टक्के हवी होती. पट्टा 8 मीटर रुंद, थर 20 सेंटिमीटर, म्हणजे 480 घनमीटर, किंमत 6,96,000. नेहमीचा मार्ग म्हणजे हे 480 घनमीटर सरळ वगळायचे.

पण कलम 14.6 मध्ये रोखण्याची मर्यादा लिहिलेली आहे: केलेलं काम कराराप्रमाणे नसेल, तर ते दुरुस्त करायचा किंवा बदलायचा खर्च, ते होईपर्यंत रोखता येतो. इथे माल खराब नाही, ग्रेडिंग ठीक आहे. खालच्या भागात ओल राहिल्याने थर नीट दबला नव्हता. ग्रेडरने उकरायचं, ओलावा ठरलेल्या मर्यादेत आणायचा, पुन्हा रोलर फिरवायचा. 2,400 चौरस मीटरला 45 रुपये धरले, तर 1,08,000. एवढंच रोखता येतं. थर उचलून टाकावा लागणार असता, माती मिसळून तो दूषित झाला असता, तर काढण्याचा आणि नव्या मालाचा पूर्ण खर्च धरावा लागला असता आणि तो 6,96,000 पेक्षा जास्तही गेला असता.

कारणात घनतेच्या चाचणीचा अहवाल क्रमांक, चेनेज, 45 रुपयांचा हिशेब आणि ‘रोखलेली, फेरचाचणी 98 टक्के आली की पुढच्या प्रमाणपत्रात मुक्त’ असं लिहायचं. हा 45 चा आकडा अभियंत्याने कुठून आणला, हे विचारलं जाणारच. ग्रेडर, टँकर आणि रोलरचे तास दाखवणारा अर्धा पानाचा हिशेब सोबत जोडा.

सार्वजनिक बांधकाम खात्याच्या पारंपरिक रनिंग बिलाची रीत वेगळी आहे. तिथे काम मान्य होईपर्यंत मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे एमबीत, ते चढवतच नाहीत, म्हणजे सगळे 480 घनमीटर थांबतात. तुमचा करार कोणता आहे ते आधी बघा. फिडिकच्या करारात एमबीची सवय चालवली, की कंत्राटदाराला तक्रारीला जागा मिळते.

पाइपांच्या किमतीतून पाचवा हिस्सा का गेला?

कारण पाइप अजून मोरीत बसलेले नाहीत. कलम 14.5 नुसार साइटवर आणलेल्या, पण कामात न वापरलेल्या मालाच्या किमतीचा 80 टक्के भाग प्रमाणित होतो, आणि तोही निविदेच्या परिशिष्टात नाव असलेल्या मालाचाच. 60 पाइप, प्रत्येकी 14,000, म्हणजे 8,40,000. 80 टक्क्यांनी 6,72,000. पाहणीत 6 पाइपांना तडे दिसले, त्यांचे 67,200 वगळून 6,04,800 राहिले.

म्हणजे 2,35,200 च्या फरकात दोन भाग आहेत: 1,68,000 हा 80 टक्क्यांच्या नियमामुळे आणि 67,200 तडकलेल्या पाइपांमुळे. पहिला भाग पाइप बसवल्यावर बाबीच्या दरातून आपोआप मिळतो, तर दुसरा पाइप बदलल्याशिवाय मिळत नाही. इथे एक सापळा आहे. समजा पुढच्या महिन्यात 30 पाइप बसवले. त्या बाबीचे पूर्ण पैसे मिळतील, पण त्या 30 पाइपांवर आधी दिलेले 3,36,000 परत वजा होतील. हे आजच्याच कारणात सांगून ठेवलं, की पुढच्या महिन्यात ‘आता हे कशाचे कापले?’ असा फोन येत नाही.

जादा बाबीचा दर अजून ठरलेला नाही. काहीच न देता थांबावं का?

थांबता येत नाही. गावालगत सुरुंगाला परवानगी नाही, म्हणून काळा पाषाण हायड्रॉलिक ब्रेकरने फोडायचा आदेश दिला. अशी बाब मूळ अनुसूचीत नाही. कंत्राटदाराने 640 घनमीटरला 900 रुपये लावले. कलम 12.3 सांगतं, की दर ठरेपर्यंत अंतरिम प्रमाणपत्रांसाठी अभियंत्याने तात्पुरता दर ठरवायचा. त्यामुळे शून्य लिहिणं चूक आहे आणि 900 मान्य करणंही चूक.

620 चा तात्पुरता दर ब्रेकरचा ताशी खर्च, तासाला किती घनमीटर फुटतं याची साइटवरची नोंद, इंधन, मजूर आणि नफ्याचा भाग यांवरून काढला. फरक 280 रुपये गुणिले 640, म्हणजे 1,79,200. अवस्था ‘तात्पुरता दर’, आणि सोबत एक वाक्य, की अंतिम दर ठरल्यावर फरक पुढच्या प्रमाणपत्रात चढेल किंवा उतरेल. ‘उतरेल’ हा शब्द टाळू नका. तो नसला, की कंत्राटदार 620 ला किमान हमी समजतो.

कंत्राटदाराच्या 900 मध्ये बहुतेकदा ब्रेकर उभा राहण्याचे तास मिसळलेले असतात. ते वेगळे काढून दाखवा, मग चर्चा आकड्यांवर होते.

पावसाचा दावा पूर्ण शून्य का?

यात दोन वेगळी कारणं एकत्र येतात आणि ती वेगळीच ठेवायला हवीत. पहिलं, कलम 20.1 नुसार दावा करायचा असेल तर घटना कळल्यापासून 28 दिवसांत सूचना द्यायला हवी. इथे तशी सूचना नव्हती, रक्कम थेट अर्जात आली. दुसरं, सूचना असती तरी कलम 8.4 मध्ये अपवादात्मक प्रतिकूल हवामानासाठी मुदतवाढ मिळते, खर्च मिळत नाही. मराठवाड्यातल्या पावसाळ्यातला नेहमीचा पाऊस तर ‘अपवादात्मक’ही ठरत नाही. त्यासाठी जवळच्या पर्जन्यमापकाच्या मागच्या अनेक वर्षांच्या नोंदींशी तुलना दाखवावी लागते.

दोन्ही कारणं लिहा, पण दुसरं आधी. पहिलंच लिहिलं, तर कंत्राटदार सूचनेच्या तारखेवर वाद घालत बसतो आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो. शेवटी हेही लिहा, की मुदतवाढीचा अर्ज करायला या नकाराचा अडथळा नाही, पण त्यालाही हीच 28 दिवसांची सूचना लागते.

दाव्याचा काही भाग सिद्ध झालेला असेल, तर तेवढा भाग प्रमाणपत्रात घ्यावाच लागतो. म्हणजे प्रत्येक दाव्याला सरसकट शून्य हे उत्तर नाही.

रिटेन्शन, आगाऊ रकमेची वसुली आणि टीडीएस या तक्त्यात येतात का?

नाही, आणि ते इथे मिसळले तर तक्ता निकामी होतो. रिटेन्शन, म्हणजे देयकातून राखून ठेवलेली रक्कम, आणि आगाऊ रकमेची वसुली ही मान्य झालेल्या रकमेवरची वजावट आहे, कामाच्या मूल्यावरचा मतभेद नाही. ती फरकाच्या ओळींखाली, वेगळ्या भागात दाखवा. कंत्राटदाराने ती स्वतःच्या अर्जात वेगळ्या टक्क्यांनी धरली असेल तरच तिथे एक ओळ लिहायची. आयकर आणि जीएसटीचा टीडीएस, बांधकाम कामगार उपकर या गोष्टी मालक पैसे देताना कापतो. प्रमाणपत्रावर त्या दाखवल्या, तर दोन वेळा कापल्यासारखं वाटतं, आणि कधी कधी खरंच कापलं जातं.

अर्ज संचयी असतो. मग फरक महिन्याला वाढत का दिसतो?

कारण नामंजूर रक्कम कंत्राटदार काढून टाकत नाही. वरचे 4,00,000 पुढच्या महिन्यातही त्याच्या एकूण आकड्यात असतात. तक्त्यात दोन वेगळे रकाने ठेवा: ‘आधीच्या प्रमाणपत्रांतून चालत आलेला फरक’ आणि ‘या महिन्यातला नवा फरक’. जीएसबीचा पट्टा पुढच्या महिन्यात पास झाला, तर 1,08,000 पहिल्या रकान्यातून निघतात आणि ‘मुक्त’ म्हणून स्पष्ट दिसतात. असं केलं नाही, तर चार महिन्यांनी पंचवीस लाखांचा फरक दिसतो आणि त्यातला किती जुना, किती नवा, हे कुणालाच सांगता येत नाही.

कंत्राटदाराचा माणूस मोजणीला आलाच नाही. मग कारणात काय लिहावं?

कलम 12.1 नुसार त्याला मोजणीची सूचना दिली असेल आणि तो आला नसेल, तर अभियंत्याने केलेली किंवा त्याच्या वतीने झालेली मोजणी बरोबर मानली जाते. मोजणीची कागदपत्रं बघायला बोलावल्यावर 14 दिवसांत त्याने लेखी हरकत घेतली नाही, तरीही ती मान्य धरतात. म्हणून कारणात सूचनेची तारीख आणि पत्र क्रमांक लिहा. ‘कंत्राटदार अनुपस्थित’ हे शब्द पुरत नाहीत, कारण सूचनाच नव्हती असा दावा नंतर होतो.

आपलीच चूक नंतर लक्षात आली तर?

कलम 14.6 मध्ये आधीच्या प्रमाणपत्रातली चूक पुढच्या कुठल्याही प्रमाणपत्रात दुरुस्त करायची मुभा आहे. जुनं प्रमाणपत्र परत मागवू नका. नव्या तक्त्यात ‘प्रमाणपत्र क्रमांक अमुकमधील दुरुस्ती’ अशी वेगळी ओळ घ्या आणि कारण त्याच पद्धतीने लिहा. प्रमाणपत्र काढलं म्हणजे काम स्वीकारलं, असा त्याचा अर्थ होत नाही, हे त्याच कलमात आहे.

वाद असलेल्या बाबींमुळे संपूर्ण प्रमाणपत्र थांबवता येतं का?

नाही. कंत्राटदाराची कामगिरी हमी मालकाकडे अजून आलेली नसेल, किंवा करारात ठरलेल्या किमान रकमेपेक्षा कमी निघत असेल, तेव्हाच प्रमाणपत्र काढायची सक्ती नसते. वरच्या उदाहरणात 13,09,900 चा वाद असला, तरी 95,70,100 अर्ज मिळाल्यापासून 28 दिवसांत प्रमाणित व्हायलाच हवेत, आणि त्यांचं देणं अर्ज अभियंत्याकडे पोचल्यापासून 56 दिवसांत. ‘आधी हिशेब जुळू द्या’ म्हणून फाइल टेबलावर ठेवणं करारात बसत नाही.

कारणाचा नमुना मिळेल का?

जीएसबीच्या ओळीसाठी असा लिहिता येईल:

> बाब: जीएसबी थर. मागणी 3,600 घमी, ₹52,20,000. परिमाण मान्य. चे. 6/400 ते 6/700 येथे घनता 95.6 टक्के, आवश्यक 98 टक्के (चाचणी अहवाल क्र. ___, दि. ___). माल विनिर्देशाप्रमाणे आहे; उकरून, ओलावा नियंत्रित करून पुन्हा दाबण्याचा खर्च 2,400 चौमी × ₹45 = ₹1,08,000 (हिशेब जोडपत्र ___). कलम 14.6 नुसार एवढीच रक्कम रोखली. अवस्था: रोखलेली. मुक्त होण्यासाठी: फेरचाचणीचा अहवाल पुढच्या अर्जासोबत जोडावा. प्रमाणित: ₹51,12,000.

मुरमाच्या ओळीत याच साच्यात छेदांच्या पानांचे क्रमांक येतील आणि अवस्थेच्या जागी ‘नामंजूर’. खडकाच्या ओळीत दराचा हिशेब जोडपत्र म्हणून येईल. कारण लांबलं तरी चालेल, पण दोन बाबी एका कारणात कोंबू नका. एकीवर हरकत आली, की दुसरीही अडकते.